गणवेशाचा रंग डाग पाहून निवडा

नवं उपाहारगृह किंवा छोटा दवाखाना सुरू करताना कर्मचाऱ्यांच्या गणवेशाचा रंग बहुतेक वेळा अगदी शेवटी ठरतो. पाटी रंगलेली असते, भिंती रंगलेल्या असतात. त्यांना शोभेल असं कापड निवडलं जातं, शिंपी मापं घेऊन जातो आणि उद्घाटनाच्या दिवशी सगळे नीटनेटके दिसतात. चार महिन्यांनी त्याच शर्टांच्या पोटावर पिवळट डाग असतात, कॉलरची घडी पांढुरकी पडलेली असते आणि नव्याने लागलेल्या मुलाचा शर्ट इतरांपेक्षा वेगळ्याच छटेचा दिसतो. मालक कापडाला दोष देतो, धोब्याला दोष देतो. खरं कारण त्याआधीचं असतं. रंग निवडताना कापड कोरं पाहिलेलं असतं आणि वापरात त्याची गाठ रोज तेल, हळद, घाम, साबण, ऊन आणि ब्लीचशी पडते.

म्हणून रंगाचा विचार सुरू करायचा तो आपल्या जागी कोणते डाग पडतात इथून. मिसळीच्या दुकानाला जो रंग वरदान ठरतो, तोच रंग दवाखान्यात धोक्याचा असू शकतो. हे का, ते कळलं की पुढची निवड बरीच सोपी होते.

डाग चार तऱ्हेचे

पहिली तऱ्हा मुरणाऱ्या डागांची. हळद, मिसळीचा कट, चहा, कोकम, रक्त, आयोडीन. यांचा रंग धाग्यात उतरतो आणि कापडावर पडणाऱ्या प्रकाशातला काही भाग गिळतो. असा डाग कापडाला जास्त गडद करू शकतो, उजळ करू शकत नाही. त्यामुळे गडद कापडावर मुरणारे डाग फारसे दिसत नाहीत आणि फिकट कापडावर उठून दिसतात.

दुसरी तऱ्हा वर बसणाऱ्या डागांची. पीठ, वाळलेलं ताक, भाताची पेज, धुलाईत नीट न निघालेली साबणाची भुकटी, घामातलं मीठ, टॉवेलचा कापूस. हे धाग्यात शिरत नाहीत, पृष्ठभागावर पांढुरका थर धरतात. यांचं गणित बरोबर उलटं आहे. पांढऱ्या आणि फिकट कापडावर ते हरवतात, काळ्या आणि नेव्ही ब्ल्यू कापडावर चार पावलांवरून दिसतात. काळा रंग सगळं लपवतो अशी जी समजूत आहे, ती अर्धीच खरी आहे.

तिसरी तऱ्हा ओलाव्याची. कापडाच्या तंतूंमधल्या हवेच्या जागी पाणी शिरलं की प्रकाश कमी विखुरतो आणि तेवढा भाग गडद दिसतो. पांढऱ्यावर हा फरक थोडा असतो, काळ्यावर जवळजवळ नसतो. सर्वांत जास्त दिसतो तो एकरंगी मधल्या छटांवर: फिकट राखाडी, आकाशी, खाकी. काखेतला घाम आणि भांडी धुताना पोटावर उडालेलं पाणी या कापडांवर ठसठशीत उमटतं. तेलाचंही तसंच होतं. पाणी वाळून जातं, तेल मात्र वाळत नाही, म्हणून तेलाचा ओलसर ठिपका धुतल्यावरही राहू शकतो.

चौथी तऱ्हा रंग खाणाऱ्या डागांची. जमिनीवर टाकलेल्या ब्लीचचा शिंतोडा उडाला की सुती कापडाचा रंगच निघून जातो. नेव्ही ब्ल्यू किंवा काळ्या कापडावर तिथे तांबूस, नारिंगी ठिपका उरतो. तो कोणत्याही साबणाने जात नाही, कारण तिथे काढण्यासारखं काही नसतं. हा डाग फक्त पांढऱ्या कापडावर पडत नाही.

आता मुरणाऱ्या डागांबद्दल आणखी एक गोष्ट, कारण निवडीची खरी किल्ली तिच्यात आहे. कापड गडद आहे की फिकट, एवढंच महत्त्वाचं नसतं. कापड कोणता रंग परत पाठवतं आणि डाग कोणता गिळतो, यावर बरंच ठरतं. हळदीतला कर्क्युमिन हा घटक निळा प्रकाश गिळतो, म्हणून तो पिवळा दिसतो. आकाशी शर्ट आपल्या डोळ्यांकडे मुख्यतः निळाच प्रकाश पाठवत असतो. त्यावर डाळीचा थेंब पडला की तेवढ्या जागेतला निळा कमी होतो आणि मळकट हिरवा ठिपका उमटतो. मरून कापड मुळात निळा प्रकाश फारसा परत पाठवतच नाही. हळदीला तिथे गिळायला काही नसतं, त्यामुळे डाग असतो पण दिसत नाही.

स्वच्छ दिसणं कशामुळे

कपडे जुने होतात तेव्हा ते बहुतेक पिवळट किंवा करडे होतात. म्हणून निळसर, थंड छटा आपल्याला ताज्या वाटतात. पांढऱ्या कपड्यांना आपल्याकडे नीळ देत आले, ती हा पिवळेपणा झाकण्यासाठीच. हल्लीच्या धुलाईच्या पावडरमध्ये आणि कोऱ्या पांढऱ्या कापडातही उजळपणा आणणारी द्रव्यं असतात. ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश सोडतात. उन्हात त्यामुळे पांढरा शर्ट झळकतो. बहुतेक एलईडी दिव्यांत अतिनील किरण जवळजवळ नसतात. म्हणून अंगणात शुभ्र वाटलेला शर्ट संध्याकाळी दुकानात दमल्यासारखा दिसतो. कापड निवडताना ते आपल्या जागेतल्या दिव्यांखाली पाहायला हवं, त्याचं हे पहिलं कारण. दुसरं असं की दोन कापडं एका प्रकाशात सारखी आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळी दिसू शकतात. शर्ट आणि टोपी वेगवेगळ्या कापडाची असतील तर हे फार जाणवतं.

परंतु ग्राहकाला स्वच्छता वाटते ती फक्त रंगामुळे नाही. कॉलरची कड रेखीव आहे का, बाही आणि अंग एकाच छटेचं आहे का, चार जणांचे चार शर्ट एकसारखे दिसतात का, हे डोळा आधी टिपतो. गडद शर्टाला कॉलरवर आणि खिशावर फिकट गोट लावला तर शर्ट ताजा दिसतो, कारण ती स्वच्छ रेघ नजर धरून ठेवते. हा गोट मात्र रोज धुता येईल इतका अरुंद हवा आणि त्याच्यावर शर्टाचा रंग चढू नये. पॉलिएस्टरचा गोट सुती शर्टाचा सुटलेला रंग सहसा पकडत नाही, सुती गोट पकडतो.

यात एक मर्यादा आधीच ठरवून घ्यायला हवी. लपवायची ती झीज आणि न निघणारे जुने डाग, आजची घाण नव्हे. अन्नाला किंवा रुग्णाला जो भाग प्रत्यक्ष लागतो, त्यावरची घाण दिसलीच पाहिजे, नाहीतर तो कपडा बदलण्याची आठवण कोणाला राहणार नाही. म्हणून शर्टाचा रंग सहनशील ठेवायचा आणि त्याच्यावरचा एप्रन मुद्दाम फिकट. अन्नव्यवसायाच्या परवान्याच्या २०११ च्या नियमांमध्ये चौथी अनुसूची आहे. तिच्यात अन्न हाताळणाऱ्याने स्वच्छ संरक्षक कपडे घालावेत आणि डोकं झाकावं असं सांगितलं आहे. रोज बदललेला फिकट एप्रन ही अपेक्षा उघड्या डोळ्यांना दिसेल अशी पूर्ण करतो.

आठ माणसांचं उपाहारगृह

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. पुण्यासारख्या शहरातलं छोटं उपाहारगृह आहे असं धरा. सकाळी मिसळ आणि चहा, दुपारी थाळी, सोबत ताक आणि सोलकढी. स्वयंपाकघरात तिघे, वाढपी चौघे, गल्ल्यावर एक.

आधी डागांची यादी करायची. कट आणि हळदीची डाळ सर्वांत जास्त, मग चहा, मग ताक आणि भाताची पेज, स्वयंपाकघरात पीठ आणि पाणी. म्हणजे मुरणारे डाग भरपूर, त्यातले बहुतेक पिवळे-तांबडे, आणि बसणारे डागही आहेतच. ब्लीचचा वापर फक्त रात्री, फरशी पुसताना.

आता प्रत्येकी अर्धा मीटर कापड घ्यायचं: पांढरं, आकाशी, फिकट राखाडी, नेव्ही ब्ल्यू, मरून, आणि मरून-करड्या धाग्यांचा बारीक चौकडा. प्रत्येकाचा एक तुकडा कापून न धुता कपाटात ठेवायचा. उरलेल्यावर कट, डाळ, चहा, ताक, पेज आणि साधं पाणी यांचे चमचाभर ठिपके टाकायचे आणि रात्रभर तसेच ठेवायचे, कारण प्रत्यक्षात शर्ट दुसऱ्या दिवशीच धुतला जातो. मग धुवायचे ते रोज जसे धुतले जाणार आहेत तसेच, त्याच पावडरने, त्याच माणसाकडून. असं दहा वेळा. नंतर दुकानातल्या दिव्यांखाली दोन अंतरांवरून पाहायचं. एक हातभर अंतरावरून, वाढताना ग्राहकाला दिसतं तसं. दुसरं चार पावलांवरून, दारातून आत येणाऱ्याला दिसतं तसं.

पांढऱ्यावर कट आणि डाळ उरलेली दिसते. आकाशीवर डाळीचे ठिपके मळकट हिरवे होतात आणि सगळ्यांत वाईट दिसतात. राखाडीवर पाणी पडताच गडद धब्बा उमटतो आणि कटाचं तेल धुऊनही सावलीसारखं राहतं. नेव्ही ब्ल्यूवर कट, डाळ, चहा सगळं हरवतं, पण ताक आणि पेज वाळल्यावर पांढरी दिसते. मरूनवर कट आणि हळद दोन्ही हरवतात, ताक मात्र दिसतं. बारीक चौकड्यावर कटही नीट सापडत नाही आणि ताकही नाही. त्यात गडद आणि फिकट धागे शेजारीशेजारी असल्यामुळे गडद डाग फिकट धाग्यांत तुटतो आणि पांढरा डाग गडद धाग्यांत तुटतो. डोळ्याला सलग कडा मिळत नाही, आणि कडा नसली की डाग डागासारखा दिसत नाही. घर दोन-तीन मिलीमीटरचं असावं. मोठ्या चौकड्यात एखादा डाग एकाच घरात मावतो आणि पुन्हा दिसू लागतो.

तेव्हा वाढप्यांसाठी मरून-करडा बारीक चौकडा आणि त्यावर क्रीम रंगाचा अरुंद गोट, ही निवड या जागेला योग्य ठरते. पँट काळी न घेता कोळशासारखी गडद करडी घ्यावी, म्हणजे पीठ आणि धूळ कमी दिसते. गल्ल्यावरच्या माणसाला डागांचा त्रास नाही, तरी त्यालाही तेच कापड द्यावं, कारण सगळे एकसारखे दिसण्यातच निम्मी टापटीप आहे.

स्वयंपाकघरात रंग तोच, पण कापड वेगळं हवं. वाढप्यांना टेरीकॉट चालतं. त्यात बहुधा ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के कापूस असतो, सुरकुत्या कमी पडतात, लवकर वाळतं आणि रंग जास्त टिकतो. पण पॉलिएस्टर तेल धरून ठेवतं. दिवसभर फोडणीशेजारी उभं राहणाऱ्याच्या टेरीकॉट शर्टातून कटाचं तेल आणि वास दोन्ही हळूहळू निघेनासे होतात. शिवाय आगीजवळ पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. आचाऱ्याला पूर्ण सुती शर्टच हवा. सुती कापड धुतल्यावर आटतं, म्हणून शिवण्याआधी ते रात्रभर भिजवून वाळवून घ्यावं.

एप्रन पांढरा आणि सुती. आचाऱ्यांच्या एप्रनवर हळद पडणारच, पण पांढऱ्या सुती कापडाला एक सोय आहे. ते उकळता येतं, ब्लीचमध्ये टाकता येतं आणि कडक उन्हात वाळवता येतं. हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. साबणाच्या अल्कलीमुळे कर्क्युमिनचा रंग बदलतो, डाग पक्का होतो असं नाही. भरपूर पाण्याने साबण काढून टाकला की तो पुन्हा पिवळा होतो आणि मग एक-दोन दिवसांच्या उन्हात बराच उडतो, कारण कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. हेच ऊन रंगीत शर्टाचाही रंग उडवतं. म्हणून एप्रन उन्हात आणि शर्ट उलटे करून सावलीत, ही सवय धुणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशीच लावावी.

आता हिशेब. प्रत्येकाला तीन शर्ट लागतात: एक अंगावर, एक धुण्यात, एक वाळलेला आणि इस्त्री केलेला. आठ जणांचे २४ शर्ट. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात अर्ध्या बाहीच्या शर्टाला सरासरी १.६ मीटर धरलं तर साधारण ३८ मीटर. छोट्या उपाहारगृहात माणसं बदलत राहतात, म्हणून आणखी दोघांच्या सहा शर्टांचं कापड आत्ताच घ्यायचं. ते जवळपास १० मीटर होतं. असे एकूण ४८ मीटर, त्यातलं वाढप्यांचं आणि आचाऱ्यांचं कापड प्रत्येकी एकाच लॉटचं. वर्षभराने तोच नंबर मागितला तरी दुसऱ्या लॉटची छटा थोडी वेगळी येऊ शकते, आणि जुने शर्ट तोवर थोडे उतरलेले असतात. दोन्ही फरक एकत्र आले की नवा माणूस दुसऱ्याच दुकानातून आल्यासारखा दिसतो. स्वयंपाकघरातल्या तिघांना दिवसाला दोन एप्रन आणि धुण्या-वाळण्यासाठी तिप्पट साठा धरला तर १८ एप्रन लागतात.

दवाखान्यात उलटं गणित

हाच मरून रंग दवाखान्याच्या दुकानदाराकडेही भरपूर विकला जातो, आणि तिथे तो घेऊ नये. कारण पुन्हा तेच. रक्त निळा आणि हिरवा प्रकाश गिळून तांबडा परत पाठवतं. मरून आणि वाइन रंगाचं कापडही तेच करतं, म्हणून त्यावर पडलेलं रक्त जवळजवळ दिसत नाही. हॉटेलात कट न दिसणं ही सोय आहे. दवाखान्यात सिस्टरच्या बाहीवर पडलेलं रक्त न दिसणं म्हणजे ती त्याच बाहीने पुढच्या रुग्णाला हात लावणार. तिथला रंग असा हवा की ताजा डाग काम करणाऱ्याला लगेच दिसेल, पण समोर बसलेल्या रुग्णाला घाबरवणार नाही.

मधली हिरवट-निळी छटा या दोन्ही गोष्टी साधते. हिरव्यावर रक्त लालभडक न दिसता गडद तपकिरी ठिपक्यासारखं दिसतं. दिसतं नक्की, पण डोळ्यावर येत नाही. शस्त्रक्रियागृहातला हिरवा रंग आला तोही डोळ्यांच्या सोयीसाठी. सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट ल्यूक रुग्णालयातले शल्यचिकित्सक हॅरी शर्मन यांनी १९१४ मध्ये हिरव्या शस्त्रक्रियागृहाची मांडणी लेख लिहून पुढे ठेवली. पांढऱ्या भिंती आणि चादरींची चकाकी त्यांना जखमेतले बारकावे पाहताना त्रास देत होती. रक्ताच्या तांबड्याला पूरक असलेला हिरवा त्यांनी विचारपूर्वक निवडला. लाल रंगाकडे बराच वेळ पाहून पांढऱ्याकडे नजर वळवली की हिरवट ठसा डोळ्यांपुढे तरंगतो. भोवती हिरवंच असेल तर तो जाणवत नाही.

छोट्या दवाखान्यात शस्त्रक्रिया होत नसेल, पण इंजेक्शन, टाके आणि ड्रेसिंग रोज असतं. म्हणून रक्ताबरोबर आयोडीनचा विचार हवा. तपकिरी आयोडीन पांढऱ्यावर उठून दिसतं, आणि पांढऱ्या कोटाला खळ दिलेली असेल तर आणखी एक गोष्ट होते. खळ म्हणजे पिष्ट, आणि पिष्टाला आयोडीन लागलं की ते निळं-काळं होतं. डॉक्टरांच्या कडक खळीच्या कोटावर दिसणारे काळपट ठिपके पुष्कळदा याच कारणाने असतात. कोटाला खळ देऊ नये, आणि ताजा आयोडीनचा डाग जीवनसत्त्व क च्या गोळीच्या द्रावणात भिजवला की बहुतेक निघून जातो. रक्ताचा डाग आधी थंड पाण्यातच धुवायचा. गरम पाण्यात त्यातली प्रथिनं गोठून धाग्याला धरतात.

दवाखान्यातला सर्वांत मोठा रंगखाऊ म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. सांडलेलं रक्त पुसायला त्याचं १ टक्का द्रावण सर्रास वापरलं जातं आणि ते हाताळणाऱ्या मावशींना आपण बहुधा नेव्ही ब्ल्यू सुती साडी किंवा कोट देतो. दोन महिन्यांत त्यावर नारिंगी ठिपके पसरतात आणि दवाखान्यातली सर्वांत जास्त स्वच्छता करणारी बाई सर्वांत मळकट दिसते. त्यांना फिकट हिरवट-निळा आणि पॉलिएस्टर जास्त असलेला कपडा द्यावा. पॉलिएस्टरवरचा रंग हायपोक्लोराइटला बराच दाद देत नाही. उडाला तरी फिकट छटेवर तो फरक कमी दिसतो.

धुण्याबाबत एक गोष्ट सिस्टर आणि मावशी दोघींना सांगून ठेवावी. हात धुण्याच्या किंवा जखम साफ करण्याच्या द्रावणात क्लोरहेक्सिडिन असेल आणि ते कपड्यावर सांडलं असेल, तर तो कपडा क्लोरीन ब्लीचमध्ये टाकू नये. दोन्ही एकत्र आले की तपकिरी डाग तयार होतो आणि तो जात नाही. ऑक्सिजन ब्लीच असलेली पावडर वापरावी. कापड निवडताना गरम धुलाईचाही विचार हवा. ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या सूचनांप्रमाणे ६० अंश सेल्सियसला दहा मिनिटं धुतलं तर कपड्यावरचे जवळजवळ सगळे सूक्ष्मजीव निघतात. त्या तापमानाला रंग सोडणारं कापड दवाखान्यात नको. म्हणून इथे सिस्टरसाठी टेरीकॉट आणि ६० अंशांची चाचणी, असा क्रम धरावा.

दुकानात काय तपासायचं

गणवेशाचं कापड सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी इथून सगळीकडे जातं आणि छोट्या गिऱ्हाईकालाही निवडीला वाव मिळतो. पण विक्रेत्याच्या बोलण्यावर न थांबता चार गोष्टी स्वतः पाहाव्यात.

चौकडा असेल तर कापड उलटून पाहावं. रंगवलेल्या धाग्यांनी विणलेला चौकडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. वरून छापलेला असेल तर मागची बाजू फिकी असते. असा शर्ट घड्यांवर आणि कॉलरच्या कडेवर लवकर पांढुरका पडतो, कारण वरचा छापाचा थर घासला की खाली रंग नसतो.

नंतर पांढरा रुमाल ओला करून कापडावर दहा वेळा जोराने घासावा. रुमालावर स्पष्ट रंग आला तर तो पुढे गोटावर, बनियनवर आणि ग्राहकाच्या खुर्चीवरही येणार. मरून आणि काळ्या रंगांत हे जास्त आढळतं.

धुलाईत रंग किती टिकतो याचा आकडा विक्रेत्याकडे असू शकतो. ही मोजपट्टी १ ते ५ अशी असते आणि ५ म्हणजे अजिबात बदल नाही. रोज धुतल्या जाणाऱ्या गणवेशाला ४ पेक्षा कमी घेऊ नये. उजेडात रंग किती टिकतो याची मोजपट्टी वेगळी, १ ते ८ अशी असते. दोन आकडे एकमेकांत मिसळू नयेत. उजेडाचा ४ आणि धुलाईचा ४ यांचा अर्थ एक नाही.

चौथी गोष्ट टेरीकॉटची. त्यात कापूस आणि पॉलिएस्टर वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगतात आणि वेगवेगळ्या वेगाने झिजतात. कॉलर आणि बाहीच्या कडेला कापूस घासून गेला की उरलेलं पॉलिएस्टर फिकट किंवा चमकदार दिसतं. गडद छटेत हे लवकर कळतं, मधल्या छटेत उशिरा. म्हणून शर्ट फार गडद न घेता मधल्याच्या थोडा खाली थांबावा. काळ्यापेक्षा कोळसा करडा, गर्द नेव्हीपेक्षा हिरवट-निळा, गर्द मरूनपेक्षा मरून-करडा चौकडा जास्त काळ नवा वाटतो.

ऑर्डरच्या कागदावर कापडाचा नंबर, लॉट, कापूस-पॉलिएस्टरचं प्रमाण, पन्हा आणि मीटर लिहून घ्यावेत आणि त्याच कागदाला न धुतलेला तुकडा टाचून ठेवावा. दर तीन महिन्यांनी दिवसाच्या उजेडात प्रत्येक शर्टाच्या कॉलरशेजारी तो तुकडा धरायचा. हातभर अंतरावरून फरक दिसत नसेल तर शर्ट चालू ठेवावा. फरक दिसत असेल तर तो पुढच्या माणसाला न देता फरशी पुसायला काढावा आणि राखून ठेवलेल्या लॉटमधून नवा शिवून घ्यावा.